भिंतीवरच्या भारताच्या नकाशासाठी प्रक्षेपण कसं निवडावं: आल्बर्स की लँबर्ट?

आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दोन खिडक्यांच्या मधली भिंत रिकामी होती. तिथे भारताचा मोठा नकाशा लावायचा ठरला, चवथीपूर्वी. मला संगणकावर नकाशे करता येतात हे समितीतल्या कोणाला तरी माहीत होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी पहिला नकाशा छापून घेतला आणि तो भिंतीवर गेलाच नाही. वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त भूगोलाचे सर आहेत. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "काश्मीरवर कोण बसलंय रे?"

क्षेत्रफळ बरोबर होतं, आकार मात्र पार चेपलेला. काय चुकलं ते पुढे चौथ्या पायरीत येईल. ज्याला क्यूजीआयएस थोडंफार चालवता येतं, पण प्रक्षेपणांच्या यादीपुढे बसल्यावर काय निवडावं ते कळत नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय.

काय काय लागेल

- भिंतीचं माप, तेही नकाशासमोर माणूस किती अंतरावर उभा राहणार आहे ते बघून.
- सीमांची माहिती भारतीय सर्वेक्षण विभागाची. त्यांच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी करून मिळते. परदेशी मोफत संचांमध्ये जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचलच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाहीत. तसा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, वाचनालयाची भिंत असली तरी.
- क्यूजीआयएस हा मोफत प्रोग्राम.
- स्टीलची लांब पट्टी आणि दोन-तीन ए-३ चाचणी प्रिंट.

१. आधी भिंत मोजा, मग मापन ठरवा

निकोबारमधल्या इंदिरा पॉइंटपासून लडाखच्या उत्तर टोकापर्यंत अक्षांश सुमारे ६°४५′ ते ३७°६′. म्हणजे दक्षिणोत्तर अंतर साधारण ३,३६० किमी. आमच्या भिंतीवर १५० बाय १३० सेमीचा कागद बसत होता. १:२५,००,००० हे मापन घेतलं, म्हणजे १ सेमीला २५ किमी, तर भारत सुमारे १३४ सेमी उंच आणि ११६ सेमी रुंद येतो. शीर्षक आणि सूचीला जागा उरते.

या मापनात गोवा साधारण चार सेमी उंच होतो. ३,७०२ चौ. किमीचा आपला प्रदेश कागदावर सहा चौ. सेमीहून थोडा कमी, अंगठ्याच्या ठशाएवढा. समितीतल्या एकाने "गोवा जरा मोठा काढता येणार नाही?" असं विचारलं होतं. कुठलंही प्रक्षेपण ते करणार नाही. हवा असेल तर कोपऱ्यात वेगळी चौकट करा आणि तिचं मापन वेगळं आहे हे तिथेच लिहा.

मापन ठरवल्याचा आणखी एक फायदा असा की कसली काळजी करायची नाही तेही कळतं. जमिनीवरचे १०० मीटर या कागदावर ०.०४ मिमी होतात. जुन्या टोपोशीटमधलं एव्हरेस्टचं आधारमान आणि आजचं WGS84 यांतला फरक काही शे मीटरचा असतो. भिंतीवरच्या नकाशात तो सीमारेषेच्या जाडीत हरवून जातो.

२. नकाशासमोरचा माणूस काय करणार, हे विचारा

आल्बर्स आणि लँबर्ट ही दोन्ही प्रक्षेपणं शंकूची आहेत. पृथ्वीवर कागदाचा शंकू टोपीसारखा ठेवलाय आणि तो दोन अक्षवृत्तांवर पृथ्वीला छेदतो, अशी कल्पना करा. त्या दोन वृत्तांना प्रमाण अक्षवृत्तं म्हणतात. तिथे मापन अगदी बरोबर असतं. शंकू उलगडला की रेखावृत्तं वर एकत्र येणाऱ्या सरळ रेषा होतात आणि अक्षवृत्तं एकाच केंद्राभोवतीचे कंस. लांबून पाहिलं तर दोन्ही नकाशे जुळ्या भावांसारखे दिसतात.

फरक एवढाच, की कंस एकमेकांपासून किती अंतरावर काढायचे. लँबर्टने १७७२ मध्ये ते अशा रीतीने ठरवले की कुठल्याही एका ठिकाणी पूर्व-पश्चिम जेवढी ताणली गेली तेवढीच दक्षिण-उत्तरही ताणली जावी. म्हणून लहान आकार आणि कोन शाबूत राहतात, क्षेत्रफळ मात्र कमी-जास्त होतं. हे समरूप प्रक्षेपण. आल्बर्सने १८०५ मध्ये उलटा हिशेब केला. पूर्व-पश्चिम जिथे आखडली तिथे दक्षिण-उत्तर तेवढीच वाढवायची, म्हणजे गुणाकार एकच राहतो. क्षेत्रफळ नेमकं राहतं आणि आकार किंचित लांबट किंवा चपटा होतो. हे समक्षेत्र.

त्यामुळे नकाशावर राज्यवार लोकसंख्येची घनता, जंगलाचं प्रमाण, भाताखालचं क्षेत्र असं काही रंगवायचं असेल, किंवा एक ठिपका म्हणजे इतकी माणसं असे ठिपके टाकायचे असतील, तर आल्बर्स घ्या. अशा नकाशात डोळा रंगाचं क्षेत्रफळच वाचतो आणि प्रक्षेपणाने ते बदललं तर आकडाच बदलल्यासारखा होतो. मान्सूनच्या वाऱ्यांचे बाण, नद्यांची वळणं, किनाऱ्याची दिशा, विमानमार्ग हा विषय असेल तर लँबर्ट घ्या. वैमानिकांचे नकाशे आणि आपल्या संरक्षण दलांसाठीचे स्थलदर्शक नकाशे लँबर्टचे असतात, ते या कोनांच्या कारणानेच.

नुसता राजकीय नकाशा असेल तर? मग शाळकरी मुलं सगळ्यात आधी काय विचारतात ते आठवा. राजस्थान मोठं की मध्य प्रदेश? महाराष्ट्रात गोवे किती बसतील? हे प्रश्न क्षेत्रफळाचे आहेत. आम्ही आल्बर्स घेतलं.

३. प्रमाण अक्षवृत्तं आणि मध्य रेखावृत्त ठरवा

नवखा माणूस "आल्बर्स की लँबर्ट" यावर आठवडा घालवतो आणि हे तीन आकडे जसे समोर येतात तसे घेतो. मीही तेच केलं. नकाशा बिघडतो तो या तीन आकड्यांमुळे.

प्रमाण अक्षवृत्तांसाठी एक जुना सोपा नियम आहे, एक षष्ठांशाचा. देशाचा दक्षिणोत्तर पसारा अंशांत मोजा, त्याचे सहा भाग करा, खालून एक भाग वर आणि वरून एक भाग खाली या. आपला पसारा ६.७५° ते ३७.१°, म्हणजे सुमारे ३०.३ अंश. त्याचा सहावा भाग पाच अंश. खालचं वृत्त ११.८° आणि वरचं ३२°. मी १२° आणि ३२° घेतली.

असं का, तर प्रमाण वृत्तांच्या मध्ये मापन आखडतं आणि त्यांच्या बाहेर ताणलं जातं. वृत्तं फार जवळ घेतली तर कन्याकुमारी आणि लडाख ताणले जातात, फार लांब घेतली तर मधला भारत आखडतो. षष्ठांशाच्या नियमाने दोन्हीकडची चूक साधारण सारखी वाटली जाते. १२ आणि ३२ वर मध्य प्रदेशाजवळ पूर्व-पश्चिम मापन सुमारे दीड टक्का कमी आणि देशाच्या दोन्ही टोकांना सुमारे दोन टक्के जास्त येतं. ही पूर्व-पश्चिमची चूक दोन्ही प्रक्षेपणांत जवळजवळ सारखीच आहे.

मध्य रेखावृत्त म्हणजे नकाशावर जे अगदी उभं दिसतं ते. भारत ६८° ते ९७.५° पूर्व पसरलाय, मध्य ८२.७५° च्या आसपास येतो. आपली प्रमाणवेळेची रेषा ८२.५° ची आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. तीच घ्या.

लँबर्ट ठरवलं असेल तर स्वतःचे आकडे शोधायचीही गरज नाही. यादीत EPSG:7755 हा क्रमांक आहे, WGS 84 / India NSF LCC या नावाने. त्यात प्रमाण वृत्तं १२°२८′ आणि ३५°१०′, मध्य रेखावृत्त ८०°. फक्त मध्य ८०° असल्यामुळे ईशान्य भारत आणखी थोडा कललेला दिसतो. दोन प्रक्षेपणांची तुलना करायची असेल तर मात्र दोन्हीकडे तेच तीन आकडे ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

४. तयार यादीतलं नाव बघून उडी मारू नका

आता माझी फजिती. मला समक्षेत्र शंकू प्रक्षेपण हवं होतं. क्यूजीआयएसच्या यादीत शोधलं तर Asia_South_Albers_Equal_Area_Conic मिळालं. दक्षिण आशिया, आल्बर्स, समक्षेत्र! आणखी काय पाहिजे? निवडलं. भारत डावीकडे कललेला आला, जवळजवळ दहा अंश. मला वाटलं शंकूच्या नकाशात थोडं असं होतच असेल. मी मांडणीच्या पानावर नकाशा फिरवून सरळ केला आणि छापायला पाठवला.

तेव्हा त्या प्रक्षेपणाचे आकडे उघडून पाहिले असते तर लगेच कळलं असतं. त्यात प्रमाण अक्षवृत्तं ७° उत्तर आणि ३२° दक्षिण आहेत आणि मध्य रेखावृत्त १२५° पूर्व. म्हणजे ते इंडोनेशियाच्या बाजूला नजर ठेवून केलेलं आहे. ३५° उत्तरेला त्यात पूर्व-पश्चिम अंतर ३२ टक्के ताणलं जातं आणि क्षेत्रफळ सांभाळायला दक्षिण-उत्तर अंतर २४ टक्के दाबलं जातं. लडाख चपटं झालं ते असं. क्षेत्रफळ तपासायला गेलात तर एक चौ. किमीचीही चूक सापडणार नाही, प्रक्षेपण समक्षेत्रच आहे. कल दिसला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मध्य रेखावृत्त देशाच्या मधोमध असलं की अख्खा देश एका बाजूला कलत नाही. डावी कड उजवीकडे झुकते आणि उजवी डावीकडे, बस्स.

स्वतःचं प्रक्षेपण तयार करायला Settings मध्ये Custom Projections उघडा, नवीन नोंद करा आणि हे टाका. पहिली ओळ आल्बर्सची, दुसरी लँबर्टची:

```
+proj=aea +lat_1=12 +lat_2=32 +lat_0=22 +lon_0=82.5 +datum=WGS84 +units=m +no_defs
+proj=lcc +lat_1=12 +lat_2=32 +lat_0=22 +lon_0=82.5 +datum=WGS84 +units=m +no_defs
```

यातला lat_0 हा फक्त मोजणीचा आरंभबिंदू आहे. तो २२ ऐवजी २४ केला तरी आकार बदलत नाही, नकाशा नुसता वरखाली सरकतो. यावर डोकं खपवू नका.

मग प्रत्येक थर Reproject layer वापरून नवीन प्रक्षेपणात आणा. इथे एक खड्डा आहे. Set Layer CRS ही आज्ञा नावाने जवळची वाटते, पण ती थराचे आकडे बदलत नाही, फक्त त्यांना वेगळं लेबल लावते. अंशांतल्या थराला तिने आल्बर्सचं लेबल लावलं तर ६८ ते ९७ हे रेखांश मीटर समजले जातात आणि अख्खा भारत तीस मीटरच्या अंगणात मावतो. पडद्यावर नकाशा अचानक नाहीसा झाला तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

५. दोन्ही एकावर एक ठेवून पाहा

ही पायरी सक्तीची नाही, पण माझा गोंधळ इथेच संपला. दोन्ही प्रक्षेपणांत एकाच मापनाचे नकाशे काढले आणि २२° उत्तर, ८२.५° पूर्व हा बिंदू जुळवून एकावर एक ठेवले. रुंदीत फरक डोळ्यांना दिसला नाही. उंचीत वर सुमारे ५ मिमी, खाली सुमारे ५ मिमी, आल्बर्स जास्त. १३४ सेमीच्या नकाशात अख्खा वाद १ सेमीचा!

क्षेत्रफळात तो थोडा जास्त जाणवतो. १२ आणि ३२ च्या लँबर्टमध्ये मध्य प्रदेश जवळजवळ ३ टक्के लहान येतो. आमच्या कागदावर त्याचं खरं क्षेत्रफळ सुमारे ४९३ चौ. सेमी, लँबर्टवर ते ४७८ च्या आसपास. मधले पंधरा चौ. सेमी म्हणजे त्याच कागदावरचे अडीच गोवे. लडाख उलट दोन टक्के मोठं होतं. म्हणजे या दोघांची तुलना जवळजवळ पाच टक्क्यांनी चुकते. मुलगा नुसता बघत असेल तर ते कळणार नाही. त्यावर ठिपके मोजत असेल किंवा पारदर्शक चौकटीचा कागद ठेवून चौकोन मोजत असेल, तर कळेल.

आल्बर्सचं नुकसान कोनात आहे. मध्य भारतात पूर्व-पश्चिम दीड टक्का आखडलेलं आणि दक्षिण-उत्तर दीड टक्का ताणलेलं, त्यामुळे दोन तिरप्या रेषांमधला कोन जास्तीत जास्त पावणेदोन अंशांनी बदलतो, उत्तर टोकाला अडीच अंशांपर्यंत. वाऱ्याचा बाण ब्रशने काढणाऱ्याचा हात याहून जास्त चुकतो. म्हणजे भारताएवढ्या पसाऱ्याला दोन्ही चालतात, आकडे नीट असले तर. रशियासारखा देश घेतलात तर हा फरक सेंटिमीटरमध्ये राहणार नाही.

सरळ अंशांचा चौकोनी नकाशा आणि वेबवरच्या नकाशांचं मर्केटर, ही दोन मात्र भिंतीवर नकोतच. ३५ अंशांवर पहिल्यात पूर्व-पश्चिम २२ टक्के फुगते. दुसऱ्यात क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं, तर केरळ आहे तिथेच राहतं.

६. वृत्तजाळी वाकते का ते बघा

अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं पाच-पाच अंशांवर काढा. अक्षवृत्ताच्या रेषेला नुसती दोन टोकं असतील तर प्रक्षेपण बदलल्यावर ती सरळच राहते. प्रोग्राम फक्त बिंदू हलवतो, मधली रेषा पट्टीने जोडतो. मग किनारा एका प्रक्षेपणात आणि जाळी भलत्याच प्रक्षेपणात असल्यासारखी दिसते. उपाय सोपा: प्रक्षेपण बदलण्याआधी Densify by interval चालवा आणि अंतर ०.५ अंश द्या.

जाळी नीट वाकली की लोकांच्या शंका सुरू होतात, त्याची तयारी ठेवा. मथुरा आणि दिब्रुगढ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेसत्तावीस अंशांच्या किंचित खाली. आमच्या नकाशावर दिब्रुगढ मथुरेपेक्षा दीड सेमीहून जास्त वर दिसतं. ती चूक नाही, अक्षवृत्त हा कंस असल्यामुळे कडेला तो वर चढतो. गोव्याचा किनाराही सवयीच्या नकाशापेक्षा तीन अंश उजवीकडे झुकलेला दिसतो, कारण आपण मध्य रेखावृत्ताच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहोत.

आणि म्हणूनच कोपऱ्यात उत्तर दिशेचा एकच मोठा बाण काढू नका. तो फक्त ८२.५° वर खरा असतो. अरुणाचलच्या पूर्व टोकाला खरी उत्तर त्या बाणाच्या पाच अंशांहून जास्त डावीकडे असते. उत्तर दाखवायचं काम रेखावृत्तांनाच करू द्या.

७. संगणकावर पडताळा घ्या

राज्यांचा थर आल्बर्समध्ये आणल्यावर त्याच्या गुणधर्म तक्त्यात Field Calculator उघडा आणि हे मोजा:

```
area($geometry) / $area
```

पहिला भाग सपाट कागदावरचं क्षेत्रफळ, दुसरा पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं. आल्बर्समध्ये प्रत्येक राज्यासमोर जवळजवळ १ यायला हवा. लँबर्टमध्ये मध्य प्रदेश ०.९७, गोवा ०.९८, केरळ १.०१, लडाख १.०२ असं काहीसं दिसेल. सगळीकडे १ येतोय पण भारत चपटा दिसतोय, तर चौथी पायरी पुन्हा वाचा. भलताच आकडा आला, उदाहरणार्थ दहा लाख, तर प्रक्षेपणाला दोष देऊ नका. $area हा प्रकल्पाच्या एककांप्रमाणे उत्तर देतो. Project Properties मध्ये General खाली क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटर आणि ellipsoid WGS84 आहे का ते बघा.

८. छापून आल्यावर पट्टी लावा

छपाईवाल्याकडे फाइल देताना "कागदात बसवून" छापू नका, शंभर टक्के मापाने छापा, असं दोनदा सांगा. नकाशाच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत नेमकी १० सेमीची आडवी आणि १० सेमीची उभी रेषा काढून ठेवा. छापून आल्यावर दोन्ही मोजा. आडवी बरोबर आणि उभी १०.१ आली तर यंत्राने एका दिशेने ताणलंय, आणि तो एक टक्का प्रक्षेपणाच्या चुकीएवढाच मोठा आहे. फ्लेक्स टांगून ओढला की तोही ताणला जातो. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीला पावसात ओल येते, साधा कागद एका दिशेने फुगतो आणि लाटा धरतो. आम्ही शेवटी कॅनव्हासवर छापून फ्रेममध्ये बसवला, भिंतीपासून दोन बोटं पुढे.

मग खरी परीक्षा. ८२.५° च्या रेषेवर ५° ते १०° आणि २०° ते २५° ही दोन अंतरं पट्टीने मोजा. पृथ्वीवर ती जवळजवळ सारखी आहेत, आमच्या मापनात सुमारे २२.१ सेमी. आल्बर्समध्ये मधलं अंतर मोठं येतं, सुमारे २२.५, आणि दक्षिणेकडचं लहान, सुमारे २१.८. लँबर्टमध्ये बरोबर उलट, मधलं २१.८ आणि दक्षिणेकडचं २२.५. कोणाच्याही भिंतीवरचा भारताचा शंकू नकाशा यातला कुठला आहे, हे कोपऱ्यातलं नाव न वाचता असं ओळखता येतं. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी आपल्या जुन्या शाळेतला नकाशा मोजून आणला. तो आल्बर्सही नव्हता आणि लँबर्टही. अंतरं सगळीकडे सारखी होती, म्हणजे तिसऱ्याच जातीचा, समअंतर शंकू.

मोजपट्टीचं चित्र टाकणार असाल तर ते एकाच ठिकाणी खरं असतं हे लक्षात ठेवा. भोपाळच्या आसपास आल्बर्सवर पूर्व-पश्चिम १,००० किमी म्हणजे ३९.४ सेमी आणि दक्षिण-उत्तर १,००० किमी म्हणजे ४०.६ सेमी. लँबर्टवर तिथे दोन्हीकडे ३९.४, निदान सारखं तरी. दोऱ्याने अंतर मोजणाऱ्या मुलांना दोन टक्के इकडेतिकडे धरायला सांगा.

९. कोपऱ्यात काय लिहायचं

अंदमान-निकोबार वेगळ्या चौकटीत कमी मापनाने टाकायचा मोह टाळा. आपल्या पसाऱ्यात ती बेटं आधीच धरलेली आहेत, आणि चौकटीचं मापन वेगळं झालं की समक्षेत्र म्हणवण्याचा हक्क गेला. लक्षद्वीप या मापनात ठिपके होतात, तिथे खूण आणि नाव पुरे.

सूचीखाली आम्ही हे छापलं आहे, तुमचे आकडे घालून तसंच उचलायला हरकत नाही:

"आल्बर्स समक्षेत्र शंकू प्रक्षेपण. प्रमाण अक्षवृत्तं १२° उ. आणि ३२° उ., मध्य रेखावृत्त ८२°३०′ पू. मापन १:२५,००,००० (प्रमाण अक्षवृत्तांवर). उत्तर दिशा रेखावृत्तांच्या बाजूने. सीमा: भारतीय सर्वेक्षण विभाग."